एक टक्का की अठरा टक्के? कंपोझिशनचा हिशेब मी कसा मांडला

धायरीत माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. वायर, स्विच, एमसीबी, पंखे, एलईडी असा सगळा माल. सगळ्यावर १८ टक्के जीएसटी आणि बहुतेक खरेदी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून. २०२५ च्या मार्चमध्ये शेजारचा दुकानदार म्हणाला, "तू अजून अठरा टक्के भरतोयस? मी कंपोझिशन घेतलंय. एक टक्का भरतो, विषय संपला."

ते डोक्यात बसलं. कंपोझिशन ही लहान धंद्यांसाठीची जीएसटीतली सोपी योजना, त्यात विक्रीवर ठरावीक लहान टक्का भरायचा. मागच्या वर्षीची उलाढाल दीड कोटींच्या आत असेल आणि माल राज्याबाहेर विकत नसाल, तर साध्या व्यापाऱ्याला कंपोझिशन मिळतं. मी दोन्हींत बसत होतो. पण CMP-02 हा फॉर्म आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी, म्हणजे ३१ मार्चच्या आत भरावा लागतो. योजनेतून बाहेर वर्षात कधीही पडता येतं, आत शिरायला मात्र पुढच्या एप्रिलची वाट पाहावी लागते. माझ्याकडे तीन आठवडे होते.

आधी वर्षाचे आकडे काढले. समजायला सोपे जावेत म्हणून इथे गोळाबेरीज करून देतो. कर सोडून विक्री ६० लाख, कर सोडून खरेदी ५१ लाख. म्हणजे ढोबळ नफा ९ लाख. विक्रीवर गोळा केलेला कर १०.८० लाख, खरेदीवर दिलेला ९.१८ लाख. खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो भरायच्या करातून वजा होतो, त्यामुळे माझ्या खिशातून सरकारला गेले फक्त १.६२ लाख. "अठरा टक्के भरतोयस" हे तिथेच खोटं ठरलं. मी अठरा टक्के भरतो ते माझ्या नऊ लाखांच्या नफ्यावर, पूर्ण विक्रीवर नाही.

मग कंपोझिशनची बाजू मांडली आणि इथे माझी मोठी चूक झाली. करासकट विक्री ७०.८० लाख, तिच्यावर एक टक्का कर ७०,८०० रुपये. क्रेडिट मिळणार नाही, म्हणजे ९.१८ लाख बुडाले. बेरीज ९.८९ लाख. समोर रेग्युलरचे, म्हणजे माझ्या आत्ताच्या पद्धतीचे, १.६२ लाख. मी वही मिटली आणि घरी सांगून टाकलं, आपल्याला हे परवडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या कर सल्लागारांना ती वही दाखवली. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "रेग्युलरच्या १.६२ लाखांत तुम्ही क्रेडिट वजा केलंय. मग तेच क्रेडिट कंपोझिशनच्या बाजूला परत जोडताय. एकच पैसा दोनदा मोजला की नाही?"

बरोबर होतं. क्रेडिट बुडतं तसंच विक्रीवर कर लावणंही थांबतं, ही दुसरी बाजू मी विसरलो होतो. गिऱ्हाईक दुकानातून वायरचं बंडल नेतं तेव्हा त्याला शेवटची किंमत माहीत असते. त्यातला कर किती हे तो विचारत नाही. रेग्युलरमध्ये त्या किमतीतला कराचा भाग सरकारचा असतो. कंपोझिशनमध्ये बिलावर कर दाखवता येत नाही, साधं 'बिल ऑफ सप्लाय' द्यावं लागतं, आणि ती सगळी रक्कम माझी विक्री होते. म्हणून वर्षभरात गल्ल्यात येणारे ७०.८० लाख दोन्हीकडे तेच धरायचे आणि शेवटी हातात काय उरतं ते पाहायचं.

रेग्युलरमध्ये उरतात ९ लाख. कंपोझिशनमध्ये ७०.८० लाखांतून करासकट खरेदी ६०.१८ लाख गेली, एक टक्क्याचे ७०,८०० गेले, उरले ९.९१ लाख. म्हणजे कंपोझिशनच ९१,२०० रुपयांनी सरस. आदल्या रात्री मी जिला तोटा म्हणत होतो ती योजना कागदावर तरी फायद्याची निघाली.

याच हिशेबातून सल्लागारांनी एक सोपी कसोटी काढून दिली. एका बाजूला नफ्यावरचा अठरा टक्के कर, दुसऱ्या बाजूला करासकट विक्रीचा एक टक्का. जो आकडा लहान, ती बाजू स्वस्त. १८ टक्क्यांच्या मालावर कर सोडून विक्रीच्या साधारण साडेसहा टक्क्यांहून जास्त नफा सुटत असेल, तर काउंटरच्या धंद्याला कंपोझिशन फायद्याचं. माझा नफा १५ टक्के होता.

इतर खर्चांवरचं क्रेडिटही जातं, तेही धरलं. फोन, इंटरनेट, सल्लागारांची फी यांवरचा वर्षाचा कर सुमारे नऊ हजार. रिटर्न कमी झाल्यामुळे फीत जवळपास तेवढेच वाचणार होते, म्हणून ते दोन्ही सोडून दिले. भाड्याचं मात्र नीट विचारून घेतलं. माझ्या मालकांची जीएसटी नोंदणी नाही. त्यामुळे ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचे १८ टक्के रिव्हर्स चार्जने मलाच भरावे लागतात, आणि रेग्युलर असल्याने त्याचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशनवाल्याला क्रेडिट नाही, म्हणजे तो खर्च अंगावर आला असता. पण जानेवारी २०२५ मध्ये कंपोझिशनवाल्यांना या भाड्याच्या नियमातून वगळलं गेलं. माझ्या हिशेबात म्हणून फरक पडला नाही. मालक नोंदणीकृत असते आणि भाड्याच्या बिलावर कर लावत असते, तर ते क्रेडिट नक्की बुडालं असतं.

फॉर्म भरायला मी तयारच होतो. तेवढ्यात सल्लागार म्हणाले, "तुमचं विक्रीचं रिटर्न, GSTR-1, उघडा. जीएसटी नंबर टाकून किती बिलं दिलीत ते आधी बघा."

खरा प्रश्न तिथे होता. ६० लाखांतले ३६ लाख काउंटरचे होते, त्यांवर नफा ७ लाख. उरलेले २४ लाख वायरिंगच्या ठेकेदारांचे आणि एका छोट्या बिल्डरचे. तिथे नफा फक्त २ लाख, कारण ते दर पाडून घेतात. ९१,२०० च्या फायद्यातले ८३,५०० एकट्या काउंटरचे होते. ठेकेदारांच्या विक्रीवर कंपोझिशन घेऊन जेमतेम साडेसात हजार मिळत होते, तेही ते त्याच किमतीला माल नेत राहिले तर.

तसे ते नेतील का, हे वहीत कळणार नव्हतं. म्हणून मी जाऊन विचारलं. माझा सगळ्यात जुना ठेकेदार नऱ्ह्याच्या साइटवर भेटला. तो म्हणाला, "शेठ, तुमचं एक लाख अठरा हजारांचं बिल मला आज एक लाखाला पडतं. अठरा हजारांचं क्रेडिट मी माझ्या बिलात वळतं करतो. उद्या तुम्ही कर न लावता तेवढेच पैसे मागणार असाल, तर मला अठरा हजारांनी महाग. मग मी सरळ तपकीर गल्लीतच जातो ना."

आणि मी एक लाखाला देऊ शकत नव्हतो. २४ लाखांच्या विक्रीसाठी करासकट खरेदीच २५.९६ लाखांची होती. त्या भावात दिलं असतं तर नफा सोडाच, दोन लाखांहून जास्त पदरचे गेले असते.

बिल्डरचं उत्तर वेगळं आलं. त्यांच्या फ्लॅटवर ५ टक्के दर लागतो आणि त्या दरात त्यांना इनपुट क्रेडिट घेताच येत नाही. त्यांना करासकट १,१८० आणि विनाकर १,१८० यांत फरक नव्हता. जीएसटी नंबर असलेलं प्रत्येक गिऱ्हाईक तुटेलच असं नाही, हे मला त्यांच्यामुळे कळलं. क्रेडिट प्रत्यक्षात कोण वापरतं, ते एकेकाला विचारूनच समजतं.

परत वही घेतली. कंपोझिशनमध्ये जुन्या किमतीला विकलं, तरी ठेकेदारांच्या दर लाखामागे मला सुमारे ८,६५० रुपये सुटत होते. त्याने ९१,२०० ला भागलं तर साडेदहा लाख येतात. म्हणजे २४ लाखांतली साडेदहा लाखांपर्यंतची विक्री तुटली तरी कंपोझिशन तोट्यात जात नाही. त्यापुढे जातं. मी ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी माल बंद करू म्हणणाऱ्यांची विक्री १६ लाख भरली. त्या हिशेबाने कंपोझिशनमध्ये मी वर्षाला सुमारे ४७ हजारांनी मागे पडलो असतो.

त्यात आणखी एक रोख रकमेचा ताण होता. ३१ मार्चला दुकानात जो माल पडून असेल, त्यावर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं आणि त्यासाठीचा ITC-03 हा फॉर्म एप्रिलपासून ६० दिवसांत भरावा लागतो. माझ्याकडे १४ लाखांचा माल होता, म्हणजे २.५२ लाख. हा सगळा तोटा नाही, तो बराचसा अडकलेला पैसा आहे. पुन्हा रेग्युलरमध्ये आलो तर शिल्लक मालावरचं क्रेडिट मागता येतं. पण खरेदीचं बिल एक वर्षाहून जुनं असेल तर मिळत नाही. माझ्या माळ्यावर जुन्या डिझाइनचे स्विच दोन वर्षं पडून आहेत. त्यांचं क्रेडिट एकदा गेलं असतं ते गेलंच असतं.

मी CMP-02 भरला नाही, रेग्युलरच राहिलो.

याच धांदलीत धनकवडीच्या मावसबहिणीने तिचा हिशेब माझ्यापुढे ठेवला. तिचं कपड्यांचं दुकान, सगळा माल हजार रुपयांच्या आतला, म्हणजे तेव्हाच्या नियमाने ५ टक्क्यांचा, आणि गिऱ्हाईक सगळं काउंटरचं. ठेकेदारांची भानगडच नाही, त्यामुळे कंपोझिशन तिला नक्की फायद्याचं असणार असं मी धरून चाललो होतो. ती तेव्हा कंपोझिशनमध्येच होती. कर सोडून विक्री ५० लाख, खरेदी ४१ लाख, नफा ९ लाख. रेग्युलरमध्ये नऊ लाखांवर ५ टक्के, म्हणजे ४५,००० रुपये. कंपोझिशनमध्ये ५२.५० लाखांचा एक टक्का, म्हणजे ५२,५००. ती वर्षाला साडेसात हजार जास्त भरत होती. मालावरचा दर कमी असला की एक टक्का जड होतो. ५ टक्क्यांच्या मालावर विक्रीच्या २१ टक्क्यांहून जास्त नफा असेल तरच कंपोझिशन स्वस्त पडतं, आणि तिचा होता १८.

तिला मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "दादा, तीन महिन्यांतून एकदा CMP-08 आणि वर्षाचा एक GSTR-4. पुरवठादाराने रिटर्न भरलं का, GSTR-2B या क्रेडिटच्या यादीत बिल दिसलं का, हे बघत बसायला मला माणूस ठेवावा लागेल. तो साडेसात हजारांत येतो का?" ती कंपोझिशनमध्येच राहिली आणि माझ्या मते तिचं बरोबर आहे.

आता दर फेब्रुवारीत मी GSTR-1 मधून नंबरवाल्या बिलांची बेरीज काढतो आणि त्यात क्रेडिट वापरणारे किती, ते पेन्सिलने लिहून ठेवतो. क्रेडिट वापरणाऱ्यांची रक्कम उतरून साडेदहा लाखांच्या जवळ आली की त्या मार्चमध्ये शिल्लक मालाची मोजणी करून पुन्हा सल्लागारांकडे जाणार आहे.