आमची वाटचाल : लिंबाकडून बगळ्याकडे

कपडे धुण्याची पावडर पुडीत घालून विकायला लागलो तेव्हा पुडीवर नाव मोठं, वळणदार अक्षरांत होतं आणि शेजारी रसरशीत लिंबू. आम्हाला ते फार देखणं वाटायचं. एकदा दुकानात उभा असताना एका आजींनी पुडी उलटसुलट करून विचारलं, "सरबताची ना रे ही?" अंगावर काटा आला. वाचता न येणाऱ्याला चित्र म्हणजे आतला माल. आम्ही वास दाखवत होतो, त्यांना लिंबू दिसत होतं.

लिंबू त्याच दिवशी बाद. मग किरणांचा सूर्य काढला. माणसांपासून पाच-सहा पावलांवर पुडी तीन सेकंद धरायची, खाली घ्यायची आणि एवढंच विचारायचं, "काय दिसलं?" कुणी चाक म्हणालं, कुणी फूल, कुणी सूर्य. चित्र सुंदर आहे का, हे कधी विचारू नये. लोक भिडेखातर हो म्हणतात. सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द यायला हवा, कारण गिऱ्हाईक दुकानदाराकडे तोच शब्द मागणार. निळ्यावरच्या पांढऱ्या बगळ्याला जवळजवळ सगळे बगळाच म्हणाले. (भागीदार म्हणाला, बगळेभगत ठरू. ठरलो नाही.)

पहिल्या छपाईत बगळ्याला नाजूक पिसं होती. ग्रॅव्हर छपाईत, म्हणजे कोरलेल्या सिलेंडरने होणाऱ्या छपाईत, प्रत्येक रंगाचा सिलेंडर वेगळा. पुडीची प्लास्टिकची फिल्म जराशी ताणली की रंग सरकतो. पिसं फिसकटली, डोळा गालावर आला. छापखान्यातल्या फोरमनने मार्ग सुचवला. आपली छपाई पारदर्शक फिल्मच्या आतल्या बाजूने होते आणि पांढरा रंग सगळ्यांत शेवटी, सगळ्यामागे बसतो. म्हणजे बगळा वेगळा छापायलाच नको. निळ्यात बगळ्याच्या आकाराची मोकळी जागा सोडली की मागचा पांढरा दिसतो आणि त्याची कड सरकत नाही. जुळवायला उरले फक्त चोच आणि डोळा. ते ठसठशीत केले. निळ्याचा आणखी एक फायदा झाला. दाराशी उन्हात टांगलेल्या लडीवर जुनं पिवळं लिंबू फिकट पडायचं, निळा टिकला.

लडी वाऱ्याने फिरते, म्हणून मागच्या बाजूलाही वर बगळा आहे, बारीक मजकूर त्याच्याखाली. कशी वापरायची, हे आधी तीन चौकटींत दाखवलं होतं. बरेच जण त्या तीन वेगळ्या वस्तू समजले. आता एकच चित्र आहे : कपडे बुडवलेल्या बादलीवर कलती पुडी. पावडर किती कपड्यांना पुरते, हे मात्र चित्रातून अजून नीट सांगता आलेलं नाही; ते दुकानदारच तोंडी सांगतो.

एका बाजारात बगळ्याला बदक म्हणतात. दुकानदार न चुकता आमचीच पुडी काढून देतो, म्हणून आम्ही गप्प आहोत. पण उद्या कुणी खरंच बदक छापलं तर? भागीदार म्हणतो, बदकाचं चित्रही आपल्याच नावावर नोंदवून ठेवू. त्यावर आमचा वाद चालू आहे.