तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या स्लाइडवर एयूसी का नसतो

"मॉडेल किती चांगलं आहे हे सांगणारे एफ-वन, एयूसी असे आकडे तुम्ही मॅनेजरांसमोर का दाखवत नाही? त्यांना एवढंही कळणार नाही असं वाटतं का?"

तसं मला कधीच वाटलं नाही, आणि हे टीममध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला सांगून आता कंटाळा आलाय. आमचे ऑपरेशन्सचे सर हिशेबात माझ्यापेक्षा पक्के आहेत. पण एयूसी सांगतो ते वेगळंच: परत येणारी एक ऑर्डर आणि न येणारी एक अशी जोडी उचलली, तर मॉडेल पहिलीला जास्त धोक्याची म्हणेल याची शक्यता किती. मॉडेल बनवताना मला ते हवंच असतं. उद्या कोणत्या ऑर्डरी रोखायच्या, हे मात्र त्यातून निघत नाही.

ज्या मीटिंगनंतर स्लाइड बदलल्या, ती सांगते. कॅश ऑन डिलिव्हरीच्या कोणत्या ऑर्डरी ग्राहक दारातूनच परत पाठवेल, हे ओळखणारं मॉडेल होतं. आकडे सोयीसाठी गोल केलेत. आठवड्याला १०,००० ऑर्डरी, त्यातल्या १,५०० परत येणाऱ्या. मॉडेलने १,६०० ऑर्डरींवर बोट ठेवलं. त्यातल्या ९०० खरंच परत आल्या, ७०० जणांनी मात्र निमूट पैसे दिले. परतीच्या उरलेल्या ६०० मॉडेलच्या हातून निसटल्या. एकूण चुका १,३००, म्हणजे अचूकता ८७ टक्के.

सर म्हणाले, "मी डोळे मिटून सगळ्या ऑर्डरी चांगल्या धरल्या, तरी ८५ टक्के बरोबर येतोच की. दोन टक्क्यांसाठी एवढे महिने?"

राग आला. त्यांचं गणित बरोबर होतं म्हणून जास्तच आला. तेव्हाची मी अजूनही भांडते: परती थोड्या असल्या की नुसती अचूकता फसवी ठरते, म्हणून तर एयूसी काढायचा! हो गं बाई, खरंय. पण 'अचूकता सोडा, एयूसी बघा' एवढ्याने सरांना काय मिळणार होतं?

मग ते म्हणाले, "त्या सातशेतल्या वीस-पंचवीस ऑर्डरी दाखव बघू." फाइल उघडली. पत्ते असे: मारुती मंदिरामागे, पाटलांच्या वाड्याशेजारी. घर नंबर नाही, गल्ली नाही. अर्धवट पत्ता म्हणजे परतीची ऑर्डर, असं मॉडेल शिकून बसलं होतं. सर हसले. "अगं, गावात सगळ्यांचा पत्ता असाच असतो. आपला पोरगा फोन करतो, माणूस फाट्यावर येऊन पार्सल घेतो." निसटलेल्या ऑर्डरींचं उलटं होतं. विंग, मजला, फ्लॅट नंबर सगळं चोख, पण बऱ्याचशा सेलमध्ये पहिल्यांदाच मागवलेल्या. पार्सल पोचेपर्यंत मन बदललेलं. मॉडेल कुठे चुकतं हे त्या पंधरा मिनिटांत जेवढं कळलं, तेवढं माझ्या आलेखांतून कळलं नव्हतं.

त्यानंतर पैशांवर आलो. एक परत १२० रुपयांना पडते. त्या १,६०० जणांची कॅश ऑन डिलिव्हरी बंद केली, तर ९०० परतींचे १,०८,००० रुपये वाचतात. चांगल्या ७०० पैकी निम्मे निघून गेले आणि प्रत्येकामागे २०० रुपये नफा बुडाला, तर ७०,००० जातात. हातात ३८,०००. दुसरा मार्ग फोन करून खात्री करण्याचा. एक फोन १५ रुपयांचा, म्हणजे २४,००० खर्च. ९०० पैकी एक तृतीयांश परती टळल्या तर ३६,००० वाचतात, उरतात १२,०००.

बंद करण्यात फायदा दिसत होता. सरांनी विचारलं, "निम्मे जातील हे कुणी सांगितलं?" कुणीच नाही, तो माझा अंदाज. पाचातले चार गेले तर बुडीत १,१२,००० होते आणि सगळा व्यवहार ४,००० नी तोट्यात जातो. शेवटी फोनचा मार्ग घेतला. थोड्या ऑर्डरींवर मात्र कॅश बंद करून बघायचं ठरलं, म्हणजे किती ग्राहक जातात ते मोजता येईल.

तेव्हापासून माझ्या स्लाइडवर तीनच गोष्टी असतात: काहीच न करण्याच्या तुलनेत अचूकता, खऱ्या चुकांचे वीसेक नमुने, आणि प्रत्येक चुकीचा रुपयांतला भाव. भाव मी ठरवत नाही, तो खात्याने सांगायचा.

यातही फट आहे, हे लपवत नाही. १,६०० पैकी ९००, म्हणजे '१०० फोनमागे ५६ खरे' हा आकडा सरांच्या तोंडी बसला, आणि पुढे परतींचं प्रमाणच बदललं तेव्हा तो खोटा ठरू लागला. मॉडेलची पारख तीच होती, कारण एयूसी जवळपास जागेवरच होता. तो स्लाइडवर असता तर हे समजावणं सोपं गेलं असतं का? काही महिने मला तसंच वाटत होतं. सध्या दर आठवड्याला ५६ चा आकडा नव्याने काढून पाठवते, आणि एयूसी माझ्या वहीत राहतो. तुम्हाला तो स्लाइडवर हवाच असेल तर टाका. पण सरांनी 'मग फोन किती करायचे?' असं विचारलं की उत्तर तुम्ही द्यायचं.