भावासाठी क्लास बुडाला आणि ताईंना माफीचं पत्र लिहिताना मी कुठे अडकले

आमच्या गाण्याच्या क्लासमध्ये एक रजिस्टर आहे आणि त्यात गैरहजेरीचं कारण लिहायला इतका बारीक रकाना आहे की सगळेजण त्यात 'घरगुती अडचण' एवढंच कोंबतात. मला त्या रकान्याचा अजूनही राग येतो. माझ्या छोट्या भावाला ताप होता, आईला कामावरून निघता येत नव्हतं, मग मी थांबले. यात चुकीचं काय होतं? हे त्या रकान्यात मावणारच नव्हतं, म्हणून मी ताईंना पत्र लिहायला बसले.

त्याआधी मी व्हॉट्सअॅपवर सॉरी टाकलं होतं, त्यावर नुसतं 'ठीक आहे' आलं. मग मैत्रिणीने सांगितलं की त्या दिवशी ताईंनी माझ्यासाठी तानपुरा आधीच काळी चारमध्ये लावून ठेवला होता, बराच वेळ वाट बघितली, आणि माझ्यानंतरची मुलगी काळी तीनमध्ये गाते म्हणून चारही तारा उतरवून परत लावाव्या लागल्या. तानपुरा लावणं म्हणजे खुंटी पिळली की झालं असं नसतं, आधी खुंटीने स्वर जवळ आणायचा, मग मणी सरकवून नेमका करायचा, मग घोडीवरचा जवारीचा दोरा इकडेतिकडे करत बसायचं, आणि पहिली पंचमाची तार जमली तोवर मधल्या जोडीतली एखादी षड्जाची तार उतरलेली असते. ते ऐकलं आणि कळलं की ताईंना लागलं ते माझं न येणं नव्हतं, मी कळवलं नाही ते होतं. तापाच्या गडबडीत मेसेज करायचा राहून गेला होता.

तरी पत्र काही जमेना. लिहायला घेतलं की पाच ओळी भावाच्या, त्याला किती ताप होता, तो मला कसा सोडत नव्हता, आणि ताईंसाठी शेवटी एक ओळ. वाचल्यावर वाटायचं की मी माफी मागत नाहीये, ताईंनाच वाईट वाटायला लावतेय. मग भावाचं सगळं काढून टाकलं तर ते खोटं वाटायला लागलं, जणू मी उगाचच दांडी मारली. मग लिहिलं की आईला उशीर झाला, ते तर आईची तक्रार केल्यासारखं झालं, आणि ती बिचारी आल्याआल्या हातपाय धुऊन त्याच्याजवळ बसली होती, तिच्यावर कसं ढकलू.

शेवटी मी क्रम बदलला. आधी ताईंचं काय नुकसान झालं ते, आणि भावाचं कारण फक्त एका वाक्यात.

"ताई, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी तानपुरा लावून वाट बघत बसलात आणि मी कळवलंही नाही, त्याबद्दल माफ करा. भावाला ताप होता आणि घरी दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी थांबले."

इथपर्यंत आले आणि परत अडकले, कारण पुढे हात आपोआप 'पुन्हा असं होणार नाही' लिहायला निघाला. होणार नाही कसं? आईच्या कामाच्या वेळा बदलत असतात, भाऊ लहान आहे, परत कधीतरी मला थांबावंच लागणार. जे माझ्या हातात नाही त्याचं वचन देऊन पुढच्या वेळी आणखी खाली मान घालायची नव्हती. मग लिहिलं, "परत थांबावं लागलं तर तुम्ही तानपुरा लावायला घ्यायच्या आत मेसेज करीन." एवढं मला नक्की जमतं.

शेवटची ओळ यमनची होती. "घरी आरोह घोकला, नि रे ग वरून तीव्र मध्यमावर जाताना मध्यम अजून कमी लागतो, तो तुमच्यासमोर परत घ्यायचाय." हे चांगलं दिसावं म्हणून लिहिलं नव्हतं, खरंच तिथेच अडत होतं.

ताईंनी पत्र वाचलं, घडी घालून पेटीवर ठेवलं आणि विचारलं, "ताप उतरला का गं त्याचा?" मग म्हणाल्या, "चल, आज तू लाव तानपुरा." मधल्या दोन तारा एकत्र छेडल्या की आवाजात एक लाट येते, आधी भराभर, आणि तारा जवळ आल्या की हळू हळू, ती थांबली की जोडी जुळली. मला ती थांबवताना घाम फुटला, यमन गायला जेमतेम वेळ उरला, पण मला फार मोकळं वाटलं.

एक सांगायचं राहिलं, पत्र द्यायचंच असेल तर क्लास सुरू व्हायच्या आधी एकटं गाठून द्या, सगळ्यांसमोर दिलं की समोरच्याला लगेच 'असू दे असू दे' म्हणावं लागतं आणि पत्र न वाचताच राहतं.