केशनळीतल्या पाण्याने आधी ०.०५९ दाखवले

पाण्याचे पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला ०.०७२ न्यूटन प्रति मीटर असते. माझ्या पहिल्या मोजणीत ते ०.०५९ आले. गणित तीनदा तपासले, चूक सापडेना. चूक काचेवर होती.

मांडणी नेहमीचीच. केशनळी उभी धरायची, शेजारी टाचणी अशी बसवायची की तिचे टोक बीकरमधल्या पाण्याला जेमतेम टेकेल. चलसूक्ष्मदर्शीत नळीतल्या पाण्याच्या वक्र पृष्ठाचा सर्वांत खालचा बिंदू वाचायचा (प्रतिमा उलटी असल्याने तो वर दिसतो), मग बीकर काढून टाचणीचे टोक वाचायचे. ८.३६४ आणि ५.९५४, म्हणजे उंची २.४१० सेंमी. नळीचा आतला व्यास दोन काटकोनी दिशांनी ०.१०१ आणि ०.०९९ सेंमी आला, म्हणून त्रिज्या ०.०५० सेंमी. इथे व्यासच त्रिज्या म्हणून घातला तर उत्तर थेट दुप्पट होते.

सूत्र T = hrρg / (2 cos θ). सूक्ष्मदर्शी सेंटिमीटरमध्ये वाचतो, म्हणून मी सगळे आधीच मीटरमध्ये लिहितो: h = ०.०२४१, r = ०.०००५, घनता ९९७, g = ९.८. स्वच्छ काचेवर पाण्याचा स्पर्शकोन जवळजवळ शून्य, म्हणून cos θ = १. उत्तर ०.०५९. सीजीएसमध्ये हेच ५९ डाइन प्रति सेंटिमीटर. फरक फक्त हजारपटीचा.

आता θ = ३५° धरला की उत्तर बरोबर ०.०७२ येते. पण ही पळवाट आहे: जे शोधायचे तेच गृहीत धरून कोन काढला.

त्यापेक्षा नळी दीड-दोन सेंटिमीटर आणखी बुडवली आणि हळूच पुन्हा पूर्वीच्या जागी उचलली. पाणी चढून थांबले होते तेव्हा २.४१, आता वरून उतरून थांबले २.८ च्या आसपास. दोन उंच्या वेगळ्या, म्हणजे भिंत नीट भिजत नाही आणि स्पर्शकोन शून्य नाही. दोन्ही सारख्याच कमी आल्या असत्या, तर संशय पाण्यावर गेला असता: साबणाचा अंशही पृष्ठताण उतरवतो.

नळी सौम्य नायट्रिक आम्लाने, मग नळाच्या पाण्याने, शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुतली. टोकाला बोट लावले नाही, तोंडाने फुंकले नाही. आता चढून आणि उतरून उंची एकच, २.९२ सेंमी. वक्र पृष्ठाच्या कडेला तळबिंदूच्या वर जे पाणी असते त्यासाठी r/३, म्हणजे ०.०१७ सेंमी मिळवले. उत्तर ०.०७१७.

उरलेली अनिश्चितता व्यासाची. सूक्ष्मदर्शीचे लघुतम माप ०.००१ सेंमी, उंचीत ते नगण्य, पण ०.१०० सेंमी व्यासात एक टक्का. शिवाय व्यास नळीच्या टोकाशी मोजलेला. पाणी थांबले तिथे नळी कापून मोजला तर तोच खरा.