मेल दिवसातून तीनदाच: माझा अनुभव

मी पर्चेसमध्ये काम करते. वेंडरची कोटेशनं, स्टोअरच्या तक्रारी, ऑडिटची विचारणा, सगळं मेलवरच येतं. आता मी मेल तीनदाच उघडते: सव्वादहा, पावणेदोन आणि पावणेपाच. हे जमवायचं तर नोटिफिकेशन बंद करण्याआधी तातडीच्या निरोपाला वेगळी वाट काढून द्यावी लागते. ती नसेल, तर आवाज बंद असला तरी दर दहा मिनिटांनी हात माउसकडे जातोच, कारण काही राहून जाईल ही धास्ती खरी असते. म्हणून आधी साहेबांना आणि स्टोअरमध्ये सांगितलं, "तासाभरात उत्तर हवं असेल तर सरळ फोन करा. मेल मी या तीन वेळांना बघते."

मग सेटिंग. विंडोजवरच्या जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये `File > Options > Mail` इथे `Message arrival` नावाचा भाग आहे. आवाज, माउसचा बदलणारा बाण, टास्कबारवरचं पाकीट आणि कोपऱ्यात उगवणारी चौकट, या चारही टिका काढायच्या. मीटिंगची आठवण यामुळे बंद होत नाही, ती वेगळी चालते. साहेबांच्या मेलची चौकट मात्र मला हवी होती. त्यासाठी `Manage Rules & Alerts` मध्ये त्यांच्या पत्त्यावरून आलेल्या मेलसाठी नियम केला आणि कृती म्हणून `display a Desktop Alert` निवडली. बाकी सगळं बंद असूनही हा नियम चालतो, फक्त आउटलुक उघडं असावं लागतं. असा अपवाद एखाद-दुसऱ्या माणसापुरताच ठेवा. दहा जणांसाठी केलात की पुन्हा दिवसभर चौकटी उगवत राहतात.

बरेच जण `Send/Receive` चं अंतर तीस मिनिटांवरून तीन तासांवर नेतात आणि मेल तरीही येत राहिले की गोंधळतात. कंपनीचं खातं एक्सचेंजवर किंवा मायक्रोसॉफ्ट 365 वर असेल, तर सर्व्हर मेल आपणहून पाठवतो, त्या अंतराची वाट बघत नाही. त्यापेक्षा `Options > Advanced` मध्ये `Start Outlook in this folder` समोर कॅलेंडर निवडा. सकाळी आउटलुक उघडल्यावर इनबॉक्स दिसतच नाही आणि सव्वादहापर्यंतचा वेळ हातातल्या कामाला मिळतो. फोनवरच्या मेल ॲपचा आवाज आणि आयकॉनवरचा लाल आकडा, दोन्ही घालवा. आकडा राहिला तर तोच बोलावत राहतो.

सीसीमधल्या मेलचा मी वेगळा फोल्डर केला, आणि तिथे पहिल्यांदा चूक झाली. "माझं नाव To मध्ये नाही" अशी अट घातली होती. ग्रुपच्या पत्त्यावर आलेल्या मेलमध्ये कुणाचंच नाव To मध्ये नसतं, त्यामुळे पर्चेसच्या ग्रुपवर आलेल्या सगळ्या ऑर्डर त्या फोल्डरात गेल्या. बरोबर अट आहे `where my name is in the Cc box`. साहेबांचे मेल त्यातून अपवाद म्हणून वगळले, कारण ते सीसीमध्ये ठेवूनही काम सांगतात.

एका सोमवारी दिवसभरात 64 मेल आले. 17 सिस्टिमचे आपोआप येणारे आणि 21 सीसीचे, असे 38 आधीच बाजूला पडले होते. उरलेले 26 तीन बैठकांत निकाली निघाले. प्रत्येक धाग्यातला सगळ्यात नवा मेल आधी वाचायचा, कारण खालच्या प्रश्नाला तोवर कुणीतरी उत्तर दिलेलं असतं. असे 5 नुसते वाचून अर्काइव्ह झाले. 14 ची उत्तरं दोन-दोन मिनिटांची होती, ती तिथेच दिली. 3 दुसऱ्यांकडे पाठवले. 4 मोठे होते. त्यातला एक तीन वेंडरांच्या दरांची तुलना मागणारा होता. तो ओढून कॅलेंडरच्या आयकॉनवर सोडला. तिथे मेलच्या मजकुरासकट नवी नोंद उघडते. तिला मंगळवारी साडेअकरा ते साडेबारा अशी वेळ दिली आणि पाठवणाऱ्याला लिहिलं, "उद्या दुपारी एकपर्यंत देते." ही एक ओळ लिहिली नाही तर तासाभरात "माझा मेल मिळाला का?" असा दुसरा मेल येतो.

मेल वाचून पुन्हा न वाचलेला करून ठेवणं मी पूर्ण सोडलं. तसं केलं की तोच मेल तीनही वेळा वाचला जातो आणि वीस मिनिटांची बैठक पाऊण तासावर जाते. बैठक सलग दोन-तीन दिवस लांबली, तर मी आधी न वाचलेल्या मेलची यादीच तपासते.

पावणेपाचची वेळ मुद्दाम ठेवली आहे. आमचे वेंडर साधारण सहाला बंद होतात. साडेपाचला बसलं तर त्या दिवशीचं उत्तर त्यांच्याकडून येत नाही, आणि तोच मेल दुसऱ्या दिवशीच्या सव्वादहाच्या ढिगात पुन्हा पडतो.