समासातल्या दोन ओळी

एका निवृत्त शिक्षकांच्या आठवणींचं हस्तलिखित माझ्याकडे संपादनाला आलं होतं. माणदेशातलं बालपण, १९७२ चा दुष्काळ, खडी फोडायला जाणारी आई. मी वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस लावून काम केलं आणि समासात जवळपास दोनशे कॉमेंट टाकून फाइल पाठवली. ‘पाल्हाळ. काढले.’ ‘संदर्भ?’ ‘अस्पष्ट.’ ‘बोली टाळा.’ वेळ वाचवायला थोडक्यात लिहिलं, एवढंच माझ्या मनात होतं. चौथ्या दिवशी सरांचा फोन आला. आवाज शांत होता. “चाळीस वर्षं मी मुलांच्या वह्यांवर असेच शेरे मारले. आज कळलं, ते वाचताना कसं वाटतं.”

फोन ठेवल्यावर मी फाइल पहिल्यापासून उघडली.

सगळ्यात वाईट चूक ‘येरवाळी’ या शब्दाची होती. सरांची आई म्हणते, “येरवाळी निघ, रांग लागंल.” मी तिथे ‘पहाटे’ केलं होतं. त्यांनी फोनवर समजावलं की येरवाळी म्हणजे लवकर, उशीर व्हायच्या आत. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत घरी ये म्हणतानाही आई हाच शब्द वापरायची. म्हणजे माझा बदल अर्थानेही चुकलेला होता. शुद्धलेखनाचे नियमसुद्धा पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहू देतात. मी शब्द परत ठेवला आणि कॉमेंट बदलली: ‘येरवाळी तसाच ठेवला आहे. शहरातल्या वाचकाला अर्थ लागावा म्हणून पुढच्या वाक्यात “अजून तांबडंही फुटलं नव्हतं” हे तुमचंच आधीचं वाक्य आणलं आहे. नको असेल तर परत मागे नेऊ.’

ही कॉमेंट लिहिताना पहिल्या खेपेला काय हुकलं होतं ते दिसलं. ‘पाल्हाळ’ हा निकाल आहे, कारण नव्हे. लेखकाला त्यातून एवढंच कळतं की मला कंटाळा आला. विहिरीच्या रांगेचा परिच्छेद मी का काढला, याचं खरं कारण माझ्याकडे होतं, फक्त लिहिलं नव्हतं. ते असं लिहिलं: ‘रांगेचं वर्णन पान ३१ वरही आहे. तिथे आई स्वतः रांगेत उभी आहे, म्हणून ते जास्त लागतं. इथलं काढलं, दोरानं कठड्याला पडलेल्या खाचांची ओळ मात्र तिकडे नेली आहे.’ पंचवीस-तीस शब्द झाले. त्याहून लांब व्हायला लागलं की तो विषय समासाचा नसतो, त्यासाठी फोन करावा.

‘अस्पष्ट’ चं असंच झालं. वाक्य होतं: ‘वडील मुकादमाशी बोलले आणि तो रडायला लागला.’ वडिलांचा उल्लेख इतरत्रही कुठे आदरार्थी, कुठे एकेरी होता. कॉमेंटमध्ये लेखकाला कर्ता केलं (‘तुम्ही इथे गोंधळ केला आहे’) की ती आरोपासारखी वाचली जाते. म्हणून वाचताना माझं काय झालं तेवढंच लिहिलं: ‘इथे “तो” म्हणजे वडील की मुकादम, यावर मी दोनदा अडखळले. कोण ते सांगाल का? मी बदल केलेला नाही.’

प्रश्नचिन्हाबद्दल माझं ठाम मत झालं आहे. जिथे निवड खरोखर लेखकाची आहे, तिथेच विचारावं. ‘रोजगार हमी कायद्याखाली १९७२ ला आई कामावर गेली’ या वाक्यावर ‘हे तपासाल का?’ असं मऊ शब्दांत लिहिणं मला अप्रामाणिक वाटलं, कारण उत्तर मला माहीत होतं. तिथे सरळ लिहिलं: ‘राज्याचा कायदा १९७७ चा आहे, १९७२ ला दुष्काळी कामं आणि योजना होती. म्हणून “दुष्काळी कामावर” केलं.’ सरांना याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

ऱ्हस्व-दीर्घाच्या कॉमेंट मी सगळ्या काढून टाकल्या. ‘विद्यार्थीगृह’ चं ‘विद्यार्थिगृह’ चौदा ठिकाणी केलं होतं आणि चौदाही ठिकाणी शेरा होता. शिक्षकाला तो किती टोचला असेल! त्याऐवजी पहिल्या पानावर एकच टीप ठेवली: सामासिक शब्दात पहिलं पद इन्-अन्त, म्हणजे ‘विद्यार्थिन्’ सारखं मूळ संस्कृतात ‘इन्’ ने संपणारं, असेल तर त्याचं शेवटचं अक्षर नियमाप्रमाणे ऱ्हस्व केलं आहे, बाकी शुद्धलेखनाचे बदल न सांगता केले आहेत.

दुसऱ्या खेपेला सत्तरएक कॉमेंट उरल्या. फाइल आठवड्यात परत आली. ‘तो’ च्या कॉमेंटखाली सरांनी लिहिलं होतं: ‘मुकादम. त्याचीही दोन लेकरं खडीवर होती. ते लिहायचं राहूनच गेलं होतं, आता खाली चार ओळी घातल्या आहेत. बघा.’