दहा हजारांचं बिल, नऊ हजारांची जमा: ग्रॉस-अपच्या कलमावर घासाघीस करताना

आमचा छोटा गट परदेशी कंपन्यांना अभियांत्रिकी सल्ला देतो. एका नव्या ग्राहकाशी वर्षभराचा करार ठरत होता, दर महिन्याला दहा हजार डॉलर. कामाची व्याप्ती, मुदत, गोपनीयता सगळं पटापट मार्गी लागलं आणि गाडी कराच्या कलमावर अडली. त्यांच्या मसुद्यात एकच ओळ होती: ‘लागू असलेले सर्व कर कापून रक्कम अदा केली जाईल.’ म्हणजे ग्राहकाच्या देशात बिलावर होणारी कराची कपात आमच्या खिशातून. आमच्या वकीलबाईंनी उलट टोकाचं वाक्य सुचवलं: ‘कोणतीही कपात झाली तरी पुरवठादाराला बिलाची पूर्ण रक्कम मिळेल अशा बेताने देय रक्कम वाढवली जाईल.’ यालाच ग्रॉस-अप म्हणतात. मधे काही आहे का, हे शोधण्यात पुढचा बराच काळ गेला.

आधी हे पाहिलं की कपात मुळात लागते का. अनेकदा या प्रश्नापर्यंत कुणी जातच नाही. आमचं तिथे ना ऑफिस, ना माणूस. सगळं काम आमच्याच देशातून. दोन देशांतला दुहेरी कर टाळण्याचा करार ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या नमुन्यावर असता, तर असं उत्पन्न धंद्याचा नफा धरलं गेलं असतं आणि कायमस्वरूपी आस्थापना नाही म्हणून तिथे कर लागला नसता. पण आमच्या दोन देशांतल्या करारात तांत्रिक सेवांच्या शुल्कासाठी वेगळा अनुच्छेद होता. संयुक्त राष्ट्रांच्या नमुना करारातही असा अनुच्छेद, १२ए, २०१७ साली आला; सेवा विकत घेणाऱ्या देशालाही कराचा वाटा मिळावा हा त्यामागचा विचार. त्यामुळे कपात अटळ होती. फक्त दर कोणता, एवढंच उरलं: ग्राहकाच्या देशाच्या कायद्याने वीस टक्के, दोन देशांच्या करारानुसार दहा. दहाचा दर मिळवायचा तर पैसे येण्याआधी, आम्ही आमच्याच देशाचे करदाते आहोत हे दाखवणारं कर-रहिवासी प्रमाणपत्र त्यांच्या हातात हवं.

मग गणित. ग्राहकाचे वित्त अधिकारी म्हणाले, “कर आम्ही भरायचा म्हणता ना? मग दहा हजारांवर दहा टक्के घाला, अकरा हजारांचं बिल करा.” ऐकायला रास्त वाटतं. पण कर अकरा हजारांवर कापला जातो, म्हणजे अकराशे, आणि हातात ९,९०० येतात. वाढवलेल्या रकमेवरही कर लागतो, म्हणून भागाकार करावा लागतो:

```
देय रक्कम = हवी असलेली निव्वळ रक्कम / (1 - दर)
10000 / (1 - 0.10) = 11111.11
10000 / (1 - 0.20) = 12500.00
```

दर वीस टक्के असता तर साध्या बेरजेने १२,००० देऊन आमच्या हाती ९,६०० आले असते. दर जेवढा जास्त, तेवढी ही तफावत वाढते. अधिकाऱ्यांनी हा मुद्दा लगेच मान्य केला, आणि लगेचच खरा प्रश्न विचारला: “पण हा कर तुम्हाला तुमच्या देशात वजा करून मिळतो ना? मग आम्ही का सोसायचा?”

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, पण अर्धंच. परदेशात कापलेल्या कराचं श्रेय बहुतेक देश देतात, पण त्या उत्पन्नावर आपल्या देशात जेवढा कर बसतो तेवढ्यापुरतंच. आणि मेख अशी की तिकडची कपात पूर्ण बिलावर होते, तर इकडचा कर खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यावर बसतो. आमच्या दहा हजारांत आठ हजार खर्च आहे. नफा दोन हजार, त्यावर २५ टक्क्यांनी कर पाचशे, हाती दीड हजार. कपात झाली हजार. त्यातले पाचशे श्रेयात वळते होतात, उरलेले पाचशे बुडतात, कारण जास्तीचं श्रेय पुढच्या वर्षात नेण्याची सोय आम्हाला नव्हती. दीड हजारांऐवजी हाती हजार. प्रमाणपत्र वेळेवर गेलं नाही आणि वीस टक्के कापले गेले, तर आठ हजारच येतात. त्या महिन्याचा नफा शून्य. वर, दोन देशांच्या करारातल्या दरापेक्षा जास्त कापलेल्या रकमेचं श्रेय आमचं कर खातं धरत नाही. ‘ती तिकडून परत मागा’ म्हणतं.

म्हणजे ग्राहकाच्या मसुद्याने आमचं नुकसान होतं. पण पूर्ण ग्रॉस-अप घेतलं तर? तेही मांडून पाहिलं. बिल ११,१११, कपात १,१११, हाती दहा हजार. आमचा नफा आता ३,१११ दिसतो, त्यावर इथला कर ७७८ च्या आसपास. तो कपातीच्या श्रेयात पूर्ण विरघळतो, इथे काहीच भरावं लागत नाही. खर्च वजा करून हाती दोन हजार, म्हणजे कपात नसती तर मिळाले असते त्याहून पाचशे जास्त! ग्राहकाच्या पैशातून आमचाच कर भरला जात होता. वकीलबाईंना हे फारसं रुचलं नाही (‘आपण का सांगायचं?’), पण समोरचा माणूस आकडे जाणणारा होता. त्याने ते स्वतः काढलंच असतं.

मग आमच्या हाती नेमके दीड हजार राहतील असा आकडा शोधला. खर्चासह हाती ९,५०० यायला हवेत. नव्वद टक्क्यांनी भागले तर १०,५५६. इथला कर ६३९, तोही श्रेयात जातो. ग्राहकाला वाढ १,१११ ची नव्हे, ५५६ ची. खर्चाचे आकडे दाखवायला आम्ही तयार नव्हतो, म्हणून कलमात सूत्र घातलंच नाही. शुल्कच १०,५६० ठरवलं, आणि दोन देशांच्या करारातल्या दराने होणारी कपात आम्ही सोसायची असं ठरलं.

ग्रॉस-अप उरलं ते फक्त एका प्रसंगासाठी: कायदा किंवा दोन देशांतला करार बदलून दर वाढला, तर वाढीव कपात ग्राहकाने भरून द्यायची. प्रमाणपत्र द्यायला आम्ही चुकलो म्हणून दर वाढला, तर मात्र भरपाई नाही. ही अट त्यांनी घातली आणि ती योग्यच होती. भरपाई झालेला कर पुढे आम्हाला परत मिळाला, तर तो त्यांना द्यायचा. विक्रीकराच्या जातीचे कर या कलमाबाहेर, वेगळ्या परिच्छेदात.

एका गोष्टीवर मी हट्ट धरला. कपातीचा दाखला आमच्या नावाने, बिलाच्या पूर्ण रकमेसह आणि ठरलेल्या मुदतीत मिळालाच पाहिजे. कपात नुसती झाली म्हणून श्रेय मिळत नाही. तो कर तिकडच्या सरकारजमा झाल्याचा पुरावा लागतो. ग्रॉस-अप केलेल्या देयकांत काही कंपन्या दाखल्यावर मूळ रक्कम लिहितात आणि कर स्वतःचा खर्च म्हणून नोंदवतात. मग तुमचं बिल, दाखला आणि बँकेतली जमा यांचे आकडे जुळत नाहीत.

पहिल्या महिन्यात ९,५०४ ऐवजी ९,४७९ जमा झाले. १०,५६० च्या दहा टक्क्यांशी तो फरक कुठेच बसत नव्हता, त्यामुळे तो कर नव्हे हे उघड होतं. मधल्या बँकेने शुल्क कापलं होतं. बँकखर्च कुणाचा, हे आम्ही करारात लिहिलं होतं, आणि पुढच्या देयकात ते पंचवीस डॉलर आले. आता वर्ष सरत आलंय. जुन्या प्रमाणपत्राची मुदत संपण्याआधी नव्यासाठी अर्ज टाकलाय, आणि ते हातात येईपर्यंत पुढच्या वर्षाचं पहिलं बिल पाठवायचं नाही असं ठरवलंय.